नको, आवडत नाही, चालत नाही

२०२४ च्या गणपतीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या सहकाऱ्याला डोंबिवलीहून त्याच्या मावशीचा फोन आला. "अरे, मला शुगर आहे असं तुमच्या त्या चॅटबॉटला कोणी सांगितलं?"

मावशींनी एकवीस मोदकांच्या सारणाला किती नारळ आणि किती गूळ लागेल एवढंच विचारलं होतं. आमच्या चॅटबॉटने प्रमाण दिलं, पण गूळ जवळजवळ निम्मा करून, आणि वर मधुमेह असल्यामुळे जपून खा असा सल्लाही जोडला. मावशींना मधुमेह नाही. त्यांच्या सासूबाईंना आहे. "आणि श्रावण संपला तरी तो मला बिनकांद्याच्याच भाज्या सांगतोय," असं म्हणून मावशींनी फोन ठेवला.

मी पुण्यात एका लहान कंपनीत काम करतो. घरातल्यांच्या आवडीनिवडी सांभाळून आठवड्याचा स्वयंपाक सुचवणारा चॅटबॉट आम्ही बनवत होतो, आणि त्याची आठवण बांधण्याचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे मावशींचा फोन आला होता सहकाऱ्याला, पण उत्तर मला द्यायचं होतं. ते माझ्याकडे नव्हतं. मावशींचं आणि बॉटचं ऑगस्टमधलं संभाषण आम्ही ठरल्याप्रमाणे पुसून टाकलं होतं. उरल्या होत्या इंग्रजीतल्या दोन ओळी:

```
User is diabetic.
User does not eat onion or garlic.
```

या दोन ओळी कुठून आल्या, मावशी नेमकं काय बोलल्या होत्या, हे तपासायला काहीच हाताशी नव्हतं. निष्कर्ष होता, पुरावा नव्हता.

संभाषणं पुसायचं आम्ही का ठरवलं, ते आधी सांगायला हवं. भाषेच्या मॉडेलला स्वतःची आठवण नसते. दर वेळी त्याच्यापुढे जेवढा मजकूर ठेवावा, तेवढंच त्याचं जग. काल सांगितलेलं आज त्याला कळायला हवं असेल तर ते आपणच कुठेतरी जपून आज पुन्हा त्याच्यापुढे मांडायचं. यातला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सगळी संभाषणं साठवायची आणि नव्या प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून पुढे ठेवायचे. उन्हाळ्यातल्या पहिल्या चाचणीत आम्ही तेच केलं. चाचणीत भाग घेणाऱ्यांनी आम्हाला संभाषणं वाचायची परवानगी दिली होती, आणि मी ती वाचत होतो.

त्यातल्या एका बाईंनी विचारलं होतं की फोडणीचा वास सहन होत नाही, तिसरा महिना आहे, तर फोडणी न देता काय काय करता येईल. पुढच्याच ओळीत त्यांनी लिहिलं होतं की घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी ती खिडकी बंद केली. परवानगी होती, पण ती परवानगी देताना त्यांच्या मनात भाजीच्या पाककृती असणार. जी गोष्ट त्यांच्या घरातही कोणाला माहीत नव्हती, ती पुण्यातल्या एका ऑफिसात माझ्या स्क्रीनवर होती. स्वयंपाकाबद्दल बोलताना माणसं आजारपण, भांडणं, पैशाची ओढाताण सगळं बोलतात, कारण स्वयंपाक त्या सगळ्यातूनच ठरतो.

त्या आठवड्यात नियम ठरला. संभाषण संपल्यावर त्यातून टिपणं काढायची, आणि मूळ मजकूर चोवीस तासांच्या आत पुसायचा. टिपणं लहान ठेवायची आणि एका माणसाची तीसच्या वर जाऊ द्यायची नाहीत. एवढीशी टिपणं दर वेळी मॉडेलपुढे सगळीच्या सगळी ठेवता येतात, त्यांच्यात शोधाशोध करावी लागत नाही. देवनागरी मजकुराला मॉडेलच्या हिशेबात इंग्रजीपेक्षा बरीच जास्त जागा लागते, म्हणून टिपणं इंग्रजीत ठेवायचं ठरलं. तेव्हा ही काटकसर शहाणपणाची वाटली.

मावशींच्या फोननंतर सहकाऱ्याने त्यांना विचारून विचारून ऑगस्टमधलं बोलणं शक्य तितकं परत उभं केलं. मावशींच्या आठवणीप्रमाणे त्यांनी साधारण असं लिहिलं होतं: "श्रावण आहे, कांदा-लसूण सोडलंय. गोड फार नको, घरात शुगर आहे." आम्ही हीच दोन वाक्यं टिपणं काढणाऱ्या पायरीतून पुन्हा पुन्हा चालवली. बहुतेक वेळा त्याच दोन इंग्रजी ओळी बाहेर आल्या.

दोष मॉडेलचा म्हणावा तर पूर्ण तसंही नव्हतं. "घरात शुगर आहे" या वाक्यात कोणाला आहे ते सांगितलेलंच नाही. मराठीत ते सांगावं लागत नाही, ऐकणाऱ्याला घर माहीत असतं. इंग्रजी वाक्याला मात्र कर्ता हवाच, आणि आमच्या सूचनेत लिहिलं होतं की वापरणाऱ्याबद्दलची माहिती टिपा. मग मॉडेलने रिकाम्या जागी वापरणारीलाच बसवलं. "सोडलंय" चंही तसंच झालं. सोडलंय म्हणजे काही काळापुरतं, काही कारणाने, आणि एक दिवस पुन्हा धरायचं असं. इंग्रजी ओळीत त्याचं "खात नाही" झालं आणि श्रावण गळून पडला.

मग मी सगळी टिपणं याच नजरेने चाळली. नाही म्हणायचे आपल्याकडे किती प्रकार आहेत, हे मी जन्मभर मराठी बोलूनही कधी मोजलं नव्हतं. "आज भेंडी नको" म्हणणाऱ्याला उद्या भेंडी चालते. "भेंडी आवडत नाही" म्हणणारा पाहुणा म्हणून गेला तर मुकाट खातो. "भेंडी चालत नाही" याच्यामागे डॉक्टर असतो, व्रत असतं किंवा पोट. "भेंडी खात नाही" ही सवय असते, बहुधा कायमची. आणि "भेंडी सोडली" म्हटलं की कधीपर्यंत, हा प्रश्न आपोआप येतो. आमच्या टिपणांत या पाचही वाक्यांचं एकच वाक्य झालं होतं: वापरणारा भेंडी टाळतो. जागा वाचवताना आम्ही नेमकी तीच गोष्ट गाळली होती, जिच्यावरून टिपण किती दिवस खरं राहणार हे कळतं.

नव्या रचनेत आम्ही वाक्याऐवजी रकाने केले. मावशींच्या सासूबाईंबद्दलचं टिपण दुरुस्त झाल्यावर असं दिसत होतं:

```json
{
  "subject": "mother_in_law",
  "topic": "sweets",
  "stance": "chalat_nahi",
  "said_as": "सासूबाईंना गोड चालत नाही",
  "valid_until": null,
  "source": "stated",
  "last_confirmed": "2024-09-18"
}
```

पहिला रकाना कोणाबद्दल हे सांगतो. कर्ता स्पष्ट नसेल तर तिथे `unknown` लिहायचं, अंदाज करायचा नाही, आणि असं टिपण विचारून घेतल्याशिवाय वापरायचं नाही. `stance` मध्ये ते पाच प्रकार आले. "नको" असेल तर टिपणच करायचं नाही, ते त्या दिवसापुरतं. "आवडत नाही" हे सहा महिने पुन्हा कानावर आलं नाही तर आपोआप गळतं. "चालत नाही" आणि "खात नाही" आपोआप गळत नाहीत. "सोडलंय" ला शेवटची तारीख लागतेच, ती माहीत नसेल तर विचारायची. क्रियापदावर आंधळा भरवसा ठेवून अर्थात चालत नाही. कोणी "मला वांगं चालत नाही" म्हणतो तेव्हा ते अंगावर उठणारं पित्त असू शकतं किंवा नुसता कंटाळा. शेंगदाण्यासारख्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टीत तर एकदा थेट विचारून घेतल्याशिवाय आम्ही काहीच गृहीत धरत नाही.

`said_as` या रकान्यावरून ऑफिसात वाद झाला. त्यात वापरणाऱ्याचेच शब्द ठेवायचे, जास्तीत जास्त आठ. एकजण म्हणाला, संभाषण साठवायचं नाही असं ठरलंय ना, मग हे काय? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मावशींच्या प्रकरणात आम्हाला अडलं होतं ते याच आठ शब्दांसाठी. पूर्ण संभाषण नसताना टिपण चूक की बरोबर हे सांगू शकणारा माणूस एकच उरतो, ज्याने ते सांगितलं तो. त्याच्यासमोर आमचा निष्कर्ष ठेवला तर तो गोंधळतो. त्याचेच शब्द ठेवले तर लगेच सांगतो, हे मी म्हटलं होतं, पण आईबद्दल. म्हणून ॲपमध्ये आम्ही एक वही केली. त्यात प्रत्येक टिपण वापरणाऱ्याच्याच शब्दांत दिसतं, आणि शेजारी दोन बटणं: बदला, पुसा.

त्या आठ शब्दांत मग कारण येऊ द्यायचं की नाही हा प्रश्न आला, आणि पूर्ण कामातली सगळ्यात अवघड गाठ ती होती. फोडणीचा वास नको म्हणणाऱ्या बाईंचं उदाहरण माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. "फोडणीचा वास सहन होत नाही" एवढं टिपलं तर आमचं काम भागतं. "तिसरा महिना आहे" हे आमच्याकडे असायचं काही कारण नाही. म्हणून आधी आम्ही सरसकट नियम केला होता की आवड टिपा, कारण सोडून द्या. पण मावशींचा कांदा याच नियमामुळे पुन्हा चुकला असता. श्रावण हे कारण होतं. कारण गाळलं की गोष्ट कधी संपणार हे कळण्याचा मार्गही बंद होतो. ठेवावं तर माणसाचं खाजगी आयुष्य आमच्या डेटाबेसात येतं, टाकावं तर टिपण कायमचं होऊन बसतं.

याची सोडवण शेवटी साधी निघाली. संभाषण हातात असतानाच कारणाचं तारखेत रूपांतर करायचं आणि कारण तिथेच टाकून द्यायचं. श्रावण असेल तर पंचांगाप्रमाणे त्या वर्षीच्या श्रावण अमावास्येची तारीख. २०२४ चा श्रावण ५ ऑगस्टला सुरू होऊन सप्टेंबरच्या सुरुवातीला संपला. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून, आणि निज श्रावण १५ सप्टेंबरपर्यंत चालला. काही घरांत दोन्ही महिने पाळले, काहींनी फक्त निज. अशा वर्षी पंचांगावरून तारीख ठरत नाही, विचारावंच लागतं. चातुर्मास पाळणाऱ्यांचं कार्तिकी एकादशीपर्यंत जातं. आणि गरोदरपणासारख्या कारणाला आम्ही तारीख काढतच नाही, कारण "नऊ महिन्यांनी" अशी तारीख स्वतःच सगळं बोलून जाते. तिथे ठरावीक सहा आठवडे लावायचे, ते संपले की अजून फोडणी नको का एवढंच विचारायचं.

मुदत संपल्यावर टिपण गुपचूप पुसायचं की विचारायचं, हे मला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींवरून सुचलं. त्या चार घरी जातात आणि कुठेही काही लिहून ठेवत नाहीत. गणपतीच्या आधी एके दिवशी त्यांनी कांदा हातात धरून दारातून विचारलं, "आता घालू ना?" त्यांना श्रावण संपल्याचं माहीत होतं. तरी पहिला कांदा त्यांनी विचारून चिरला. आम्हीही तेच केलं. मुदत संपल्यावर कांद्याची पहिली पाककृती सुचवताना एकदा विचारायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी जुनं टिपण काढून टाकायचं.

पुसण्याचीही एक गोष्ट आहे. ऑक्टोबरमध्ये एकाने वहीतून "वांगं आवडत नाही" हे टिपण पुसलं. दुसऱ्या दिवशी ते परत हजर. ज्या संभाषणातून ते आलं होतं, ते अजून चोवीस तासांच्या रांगेत होतं, आणि मधे सर्व्हर बंद पडल्यामुळे रांग पुन्हा पहिल्यापासून चालली होती. सरळ उपाय असा दिसत होता की काय पुसलं याची यादी ठेवायची आणि तसं टिपण पुन्हा आलं तर अडवायचं. पण म्हणजे माणसाने विसरायला सांगितलेली प्रत्येक गोष्ट आम्ही वेगळ्या यादीत जपून ठेवणार! शब्दांची ओळख लपवून ठेवली तरी भाज्यांची यादी काही मोठी नसते, कोणीही एकेक भाजी लावून उलगडू शकतो. मग आम्ही काय पुसलं ते टाकून दिलं आणि फक्त केव्हा पुसलं ते ठेवलं. त्या वेळेच्या आधी बोललेल्या कुठल्याही वाक्यातून यापुढे टिपण करायचं नाही. त्यात एखादं चांगलं टिपणही बुडतं. पण खरंच महत्त्वाचं असेल तर माणूस ते पुन्हा बोलतो, आणि पुसलेलं परत दिसलं तर मात्र तो पुन्हा काही बोलतच नाही.

मूळ संभाषण खरोखर पुसलं जातंय का, हे पाहायला मी एक युक्ती केली. चाचणीच्या खात्यातून लिहिलं: "आमच्या अंगणात निळा फणस लागलाय." हे वाक्य जगात दुसरं कोणी लिहिणार नाही. दोन दिवसांनी आमच्या सगळ्या यंत्रणेत ते शोधलं:

```
grep -r "निळा फणस" /var/log /data
```

डेटाबेसात ते नव्हतं. पण चुकांच्या नोंदीत होतं, पूर्णच्या पूर्ण. मॉडेलकडून उत्तर यायला उशीर झाला की आमचाच कोड, पुढे तपासायला सोपं जावं म्हणून, मॉडेलला पाठवलेला सगळा मजकूर त्या नोंदीत उतरवत होता, आणि त्या नोंदी महिनाभर राहत होत्या. म्हणजे चोवीस तासांत पुसतो हे आम्ही लोकांना प्रामाणिकपणे सांगत होतो, आणि ते खरं नव्हतं. तो कोड त्याच दिवशी काढला. तेव्हापासून निळा फणस दर आठवड्याला आपोआप लावला जातो आणि दोन दिवसांनी शोधला जातो. सापडला तर सगळ्यांना मेल जाते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यात असं आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असायला हवं. कायदा वाचताना ते एक बटण वाटतं. त्या बटणामागे काय काय पुसलं जायला हवं, ते कळायला फणस लावावा लागतो.

टिपणं बरोबर निघताहेत की नाही हे पाहायला आम्ही स्वतः रचलेली साठ संभाषणं वापरतो, प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर लिहून ठेवलेलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त संभाषणांचं बरोबर उत्तर "काहीच टिपू नका" असं आहे. मैत्रिणीसाठी बिनअंड्याचा केक विचारणारी, उद्या पाहुणे जैन आहेत म्हणून सांगणारी, "समजा मी दूध सोडलं तर" असं सुरू करणारी. सुरुवातीला मॉडेल या सगळ्यांतून काही ना काही टिपायचंच, कारण टिपायला सांगितलं की रिकाम्या हाताने परतणं त्याला जमत नाही. सूचनेत अशी रिकामी उदाहरणं पाच-सहा घातल्यावर ते सुधारलं. सुटलेलं टिपण आणि चुकीचं टिपण आम्ही एका मापाने मोजत नाही. सुटलं तर माणूस पुन्हा सांगतो आणि थोडा वैतागतो. चुकीचं असेल तर मोदकातला गूळ निम्मा होतो.

२०२५ चा श्रावण २५ जुलैला सुरू झाला. डोंबिवलीच्या मावशींचं गेल्या वर्षीचं टिपण मुदत संपल्यावर गेलं होतं, तेव्हा बॉटला श्रावणाचं काहीच माहीत नव्हतं आणि त्याने खुशाल कांद्याची भजी सुचवली. सहकाऱ्याला पुन्हा फोन. "गेल्या वर्षी सांगितलं होतं ना रे? दर वर्षी सांगायचं का?" त्या दिवशी मी ऑफिसात जवळजवळ हार मानली होती. दर वर्षी येणाऱ्या गोष्टी निदान वर्षभर जपाव्यात, असा कोड लिहायलाही घेतला.

संध्याकाळी सहकाऱ्याने मावशींना फोन लावून विचारलं की यंदाही महिनाभर कांदा-लसूण बंद धरायचं ना. मावशी म्हणाल्या, "छे रे, यंदा नातू आलाय सुट्टीला, त्याला बिनकांद्याचं काही चालत नाही. यंदा नुसते सोमवार."

मी लिहायला घेतलेला कोड पुसला. मग मावशींसाठी नवं टिपण उघडलं आणि पाहिलं, तर सोमवार लिहायला त्यात रकानाच नव्हता.